दहा मिलिसेकंद

गेल्या वर्षी आमच्या टीममधला एक जण नोकरी सोडून गेला आणि ऑन-कॉलचं गणित कोलमडलं. ऑन-कॉल म्हणजे ज्याची पाळी असेल त्याने आठवडाभर फोन उशाशी ठेवून झोपायचं आणि रात्री सर्व्हर पडला की उठायचं. आता प्रत्येकाला सलग दोन आठवडे करावे लागतील, असा प्रस्ताव आला. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "मला नाही जमणार. तीन रात्री झोपमोड झाली की चौथ्या दिवशी मी कोड वाचूच शकत नाही." यावर कोणीतरी म्हणालं, "अगं, सगळ्यांनाच होतं तसं."

मला तेव्हा स्टॅटिस्टिक्सचं नवंनवं वेड लागलं होतं. मी म्हटलं, यावर डेटा आहे, मी पुढच्या मीटिंगमध्ये दाखवतो.

डेटा खरंच आहे, आणि R शिकणाऱ्या बऱ्याच जणांनी तो हाताळलेला असतो. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्चच्या संशोधकांनी झोप कमी केल्याचा परिणाम मोजणारा एक प्रयोग केला होता. बेलेंकी आणि सहकाऱ्यांनी तो 2003 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाला रोज रात्री अंथरुणात फक्त तीन तास मिळत. दिवसा त्यांची प्रतिक्रिया-वेळ मोजली जायची, म्हणजे खूण दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत किती मिलिसेकंद लागतात ते. या गटातल्या 18 जणांच्या प्रत्येकी 10 दिवसांच्या नोंदी `lme4` या पॅकेजमध्ये `sleepstudy` नावाने मिळतात. मी दोन ओळी लिहिल्या:

```r
library(lme4)
m <- lmer(Reaction ~ Days + (Days | Subject),
          sleepstudy)
```

आणि `summary(m)` ने जे दिलं त्यातला मुख्य भाग हा:

```
Random effects:
 Groups   Name        Variance Std.Dev. Corr
 Subject  (Intercept) 612.10   24.741
          Days         35.07    5.922   0.07
 Residual             654.94   25.592

Fixed effects:
            Estimate Std. Error t value
(Intercept)  251.405      6.825  36.838
Days          10.467      1.546   6.771
```

मी हा तक्ता जसाच्या तसा स्लाइडवर चिकटवला. खालच्या भागाकडे बोट दाखवून म्हटलं, "दर दिवसाला प्रतिक्रिया साधारण 10.5 मिलिसेकंदांनी मंदावते, आणि हा परिणाम अगदी पक्का आहे."

मॅनेजरने विचारलं, "दहा मिलिसेकंद? म्हणजे डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही तेवढ्यात. आणि वरचं रँडम काय आहे?"

मी म्हटलं, "तो बाकीचा फरक आहे. माणसामाणसातला."

"म्हणजे नॉइज," असं म्हणून त्याने पुढचा विषय घेतला. दोन आठवड्यांचा प्रस्ताव मंजूर झाला. मैत्रीण माझ्याकडे न बघता लॅपटॉप उचलून गेली. तिची बाजू मांडायला उभा राहिलो होतो आणि तिच्याविरुद्धचा पुरावा मीच हातात देऊन बसलो होतो.

त्या रात्री तोच तक्ता पुन्हा उघडला. चूक मॉडेलमध्ये नव्हती. मी अर्धंच उत्तर वाचून दाखवलं होतं, आणि तेही नको तो अर्धा भाग.

आधी 'फिक्स्ड' भाग बघू. 251.4 ही शून्याव्या दिवशीची सरासरी प्रतिक्रिया आणि 10.5 ही दर दिवसाची सरासरी वाढ. 10.5 समोरचा 1.5 म्हणजे स्टँडर्ड एरर. या सरासरीबद्दल आपण किती साशंक असावं, ते तो सांगतो. दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरली, तर सरासरी वाढ साधारण 7.4 ते 13.6 मिलिसेकंदांच्या दरम्यान असावी. लक्षात घ्या, हा सरासरीचा पट्टा आहे. 18 ऐवजी 1800 माणसं घेतली असती तर तो खूपच अरुंद झाला असता.

आता मी ज्याला 'बाकीचा फरक' म्हणून उडवून लावलं होतं, त्या 'रँडम' भागातली `Days` ची ओळ. तिथे 5.9 आहे. हेही मिलिसेकंदच आहेत, दर दिवसाचे. पण हा आकडा सांगतो की माणसामाणसांच्या वाढीचा वेग एकमेकांपासून किती पांगलेला आहे. 10.5 च्या दोन्ही बाजूंना याची दुप्पट घेतली, तर -1.4 ते 22.3 असा पट्टा येतो. बहुतेक माणसं या पट्ट्यात कुठेतरी असतील, असं मॉडेल म्हणतंय. म्हणजे एखाद्याला नऊ दिवसांत जवळजवळ काहीच होणार नाही, आणि एखाद्याची प्रतिक्रिया दोनशे मिलिसेकंदांनी मंदावेल. 1800 माणसं घेतली तरी हा पट्टा अरुंद होणार नाही, कारण तो आपल्या अज्ञानाचा नसून माणसांमधल्या फरकाचा आहे. जास्त माणसांमुळे त्याची रुंदी फक्त अधिक नेमकी कळेल.

माझ्या स्लाइडवर 1.5 आणि 5.9 हे दोन्ही आकडे होते. ज्याने असं मॉडेल कधी पाहिलेलं नाही त्याला दोन्ही 'थोडं इकडेतिकडे' असेच दिसणार. पण "सरासरी किती?" याचं उत्तर पहिल्या पट्ट्यात आहे, आणि "माझं काय होईल?" याचं दुसऱ्या. मैत्रीण दुसरा प्रश्न विचारत होती. मी पहिल्याचं उत्तर दिलं.

शिवाय 'रँडम' या शब्दाने घात केला तो वेगळाच. ऐकणाऱ्याला वाटतं, रँडम म्हणजे कसंही होणारं, अर्थ नसलेलं. इथे त्याचा अर्थ एवढाच, की ही 18 माणसं एका मोठ्या समूहातून आलेला नमुना आहेत असं आपण धरतो, आणि त्यांच्यातला फरक एका आकड्यात सांगतो. खरा नॉइज `Residual` च्या ओळीत आहे: 25.6. तो म्हणजे एकाच माणसाचं स्वतःच्याच रेषेभोवती रोजचं वरखाली होणं. प्रयोगातला 308 क्रमांकाचा माणूस घ्या. शून्याव्या दिवशी तो 250 ला होता, नवव्या दिवशी 466 ला. पण मध्ये सहाव्या दिवशी 382 आणि सातव्या दिवशी चक्क 290. हा सातवा दिवस म्हणजे नॉइज. 250 वरून 466 पर्यंतची चढण मात्र त्याची स्वतःची आहे. शेजारचा 309 क्रमांकाचा माणूस याच काळात 223 वरून 237 वर गेला, बस्स. या दोघांमधला फरक नॉइज म्हणून झटकता येत नाही.

काही दिवसांनी मी दहा मिनिटं पुन्हा मागून घेतली. या वेळी तक्ता दाखवलाच नाही. आधी एक चित्र दाखवलं: आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर मिलिसेकंद, अठरा बारीक राखाडी रेषा आणि त्यांच्यामधून जाणारी एक जाड काळी रेषा. काळी रेषा म्हणजे फिक्स्ड भाग. राखाडी रेषा तिच्याभोवती जशा पसरल्यात, तो पसारा म्हणजे रँडम भाग. हे सांगायला अर्धा मिनिट लागला आणि कोणीही 'रँडम म्हणजे काय' असं विचारलं नाही.

मग तीन वाक्यं, तिन्ही एकाच एककात. सरासरी माणूस दर दिवसाला 10.5 मिलिसेकंदांनी मंदावतो. माणसागणिक हा वेग साधारण शून्यापासून 22 पर्यंत काहीही असू शकतो. आणि एकाच माणसाच्या एका दिवसाच्या नोंदीत 25 मिलिसेकंदांचा चढउतार नेहमीचाच, त्यामुळे एका वाईट दिवसावरून कोणाबद्दल मत बनवू नये. `Variance` चा रकाना मी गाळला. त्यातले 35.07 हे 'मिलिसेकंदांचा वर्ग' आहेत, त्यांची कल्पना कोणीच करू शकत नाही. 0.07 हा `Corr` सुद्धा गाळला. सुरुवातीला चपळ असलेला माणूस पुढे कमी मंदावतो का, हे तो सांगू पाहतो, पण 18 माणसांवरून त्याबद्दल ठाम काही बोलता येत नाही.

एका सहकाऱ्याने चित्राकडे बघून विचारलं, "ही रेषा खाली उतरतेय. कमी झोपून हा माणूस सुधारला की काय?" तो 335 क्रमांकाचा माणूस. नुसत्या त्याच्या दहा नोंदींमधून रेषा काढली तर उतार -2.9 येतो, पण मॉडेल त्याला -0.3 देतं. मी समजावलं, की मॉडेल प्रत्येकाची रेषा थोडी सरासरीकडे ओढून घेतं. दहा डळमळीत नोंदींवर पूर्ण विश्वास टाकण्यापेक्षा इतर सतरा जणांकडून जे कळलं तेही थोडं वापरतं. 308 चा स्वतःचा उतार 21.8, मॉडेलमध्ये तो 19.7 होतो. म्हणून या रेषांवरून माणसांची पहिला-दुसरा अशी क्रमवारी लावू नये.

माझी एक चूक मैत्रिणीनेच पकडली. मी शून्यावा दिवस म्हणजे 'पूर्ण झोप झालेला माणूस' असं म्हणालो होतो. तिने पॅकेजची माहिती उघडून दाखवली: पहिले दोन दिवस सराव आणि सवयीचे, दुसऱ्या क्रमांकाचा दिवस तुलनेचा, आणि झोप तोडायला सुरुवात त्यानंतर. म्हणजे माझं 251 हे झोपेबद्दल काहीच सांगत नव्हतं, आणि झोपमोड नसलेले दिवसही मी उतारात मोजले होते. सुरुवातीचे दोन दिवस वगळून दुसऱ्याला शून्य मानलं की सरासरी उतार सुमारे 11.4 येतो. फरक फार नाही, पण आपलं शून्य कुठे आहे हे न सांगता 251 वाचून दाखवणं चूकच.

शेवटी मॅनेजरने अपेक्षित प्रश्न विचारला: "मग आपल्या टीममधला 308 कोण?"

मी म्हटलं, ते या डेटावरून कळणार नाही. ही 18 माणसं प्रयोगशाळेतली होती, ऑन-कॉलवरची नव्हती. 5.9 हा आकडासुद्धा एवढ्या थोड्या लोकांवरून काढलेला, तो 3.8 ते 8.8 यांच्यात कुठेही असू शकतो. पण त्यातला सगळ्यात लहान आकडा धरला तरी माणसामाणसांत बराच फरक उरतो. 'सगळ्यांनाच होतं तसं' हे या डेटाशी जुळत नाही.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ठरलं, की सलग दोन आठवडे कोणावर लादायचे नाहीत, आणि आठवड्याच्या मध्यावर पाळी बदलून मागता येईल, कारण न देता. पहिल्याच महिन्यात दोघांनी ती मागितली. त्यातला एक मॅनेजर होता.