तीन पत्ते आणि एक हस्तलिखित

आज एक लेखिका तिच्या पहिल्या कादंबरीचा प्रश्न घेऊन आली. "प्रकाशक घेतील का?" असं विचारत होती. तो निर्णय तिसऱ्याच माणसाच्या हातात असतो, त्यामुळे टॅरोला हा प्रश्न मी घालत नाही. आम्ही तो बदलून घेतला: हस्तलिखित पाठवण्यापासून मला काय अडवतंय?

१९०९ साली निघालेल्या, पामेला कोलमन स्मिथच्या चित्रांच्या संचातून तीन पत्ते काढले. आत्ताची स्थिती, अडथळा, पुढचं पाऊल.

पहिला एट ऑफ पेंटॅकल्स. कारागीर एकटाच नाण्यावर छिन्नी चालवतोय आणि गाव दूर मागे राहिलंय. म्हणजे मेहनत झाली आहे, ती कुणी पाहिलेली नाही. अडथळ्याच्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स: डोळ्यांवर पट्टी, छातीशी दोन तलवारींची फुली. ही निवड न करण्याची निवड आहे. पट्टी बांधलेल्याला आपलं हस्तलिखित कसं दिसणार?

शेवटी थ्री ऑफ पेंटॅकल्स आला आणि मला बरं वाटलं. इथे गवंडी चर्चमध्ये काम करतोय, आणि शेजारी दोघं आराखडा घेऊन उभे आहेत. पुन्हा पेंटॅकल्सच, म्हणजे भर कारागिरीवर. मेजर अर्कानातला एकही पत्ता नाही, म्हणून हे मी नशिबाचं नव्हे, हातातलं काम मानते.

तिला चौथा पत्ता हवा होता. उत्तर आवडलं नाही की असं होतं. मी नाही म्हटलं. आधी दोन परखड वाचकांना दे, वाचताना कुठे थांबावंसं वाटलं एवढंच विचार, ते दुरुस्त कर आणि मग पाठव, असं सांगितलं.