आई-बाप फोनमध्ये असतात तेव्हा

लिंबागणेशच्या व्हॉट्सॲप गटावर पालकांसाठीचा एक छोटा व्हिडिओ फिरत होता. त्यात बालरोगतज्ज्ञ शांतपणे सांगतात: दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नको, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. जेवताना नको आणि झोपण्याआधीचा तासभरही नको. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं 2021 मध्ये हेच सांगितलं आहे. जाता जाता डॉक्टर एक सवलत देतात, ‘नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालेल.’ आणि व्हिडिओ पुढे जातो.

मला वाटतं, आपल्या बीड जिल्ह्यासाठी खरा विषय ही सवलतच आहे. दिवाळीच्या सुमारास कोयते बाहेर पडतात. नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. काही लेकरं त्यांच्याबरोबर फडावर जातात, काही दादी किंवा आजीजवळ राहतात. मागे राहिलेल्या लेकराचे आई-बाप पाच महिने फोनमध्येच असतात.

मग कार्टून वाईट आणि कॉल चांगला, असं का? स्क्रीन तर तीच. फरक उत्तर मिळण्यात आहे. 2003 साली अमेरिकेत सिॲटलला पॅट्रिशिया कूल यांनी नऊ-दहा महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली. काहींना तीच माणसं टीव्हीवर दाखवली. समोरच्या माणसाकडून बाळं चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. टीव्हीवाल्या बाळांच्या पदरी काहीच पडलं नाही. 2014 मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात समोरासमोर आणि व्हिडिओ कॉलवर मुलं नवे शब्द शिकली, पण आधी रेकॉर्ड केलेल्या चित्रफितीवरून नाही. लेकरू ‘बा’ म्हणालं की पलीकडून लगेच ‘काय रे राजा?’ आलं पाहिजे. कार्टून ते करत नाही, ते आपलं बोलतच सुटतं.

शेजारच्या घरात एक पावणेदोन वर्षांचं नातवंड आहे. त्याच्या आजी मला म्हणाल्या, “भाऊ, त्याला काय कळतंय बापाचं? नुसतं टकामका बघतंय.” मी दोन संध्याकाळी तिथं बसलो. रेंज कमी, चित्र अडकतं, आवाज मागाहून येतो. बाप विचारतो, “जेवलास का?” आवाज पोचेपर्यंत लेकराची नजर कोंबडीकडे गेलेली. ताबडतोब मिळणारं उत्तरच हरवलं की कॉलचं जवळजवळ कार्टून होतं.

अशा वेळी मधला माणूस लागतो. आजींनी लेकराला मांडीवर घेतलं, फोन स्वतःच्या हातात धरला आणि बापाचा प्रश्न पुन्हा म्हटला, “अब्बा विचारतेत, जेवला का? दाव, काय खाल्लं?” लेकरानं वाटी दाखवली. बाप म्हणाला, “अरे, दूध-भाकर!” मग वासरू दाखवायला अंगणात गेले. बोलणं पाच-सात मिनिटांचंच झालं, पण लेकरू त्यात होतं. रेंज फारच वाईट असली तर थोड्या वेळानं पुन्हा लावणं बरं.

खरी गडबड कॉल संपल्यावर होते. आई दिसेनाशी झाली की लेकरू रडतं आणि त्याला गप्प करायला त्याच फोनवर कार्टून लागतं. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. सात मिनिटांचा कॉल तासभराचा होतो, वर घासही त्याच्यापुढेच भरवला जातो. पोट भरलं हे लेकराला कळत नाही आणि आजीलाही नाही. आता त्या घरात लेकरू हात हलवून ‘टाटा’ करतं, लाल बटण स्वतः दाबतं, आणि फोन फडताळात वर जातो. दोन-तीन दिवस रडारड झाली. फडावरून आलेल्या थकलेल्या आई-बापाला वेळ कधी मिळेल याचा नेम नसतो, त्यामुळे झोपण्याआधीचा तास रोज पाळता येत नाही. तिथं मी आजींना दोष देणार नाही.

मिनिटांचा आकडाही दगडावरची रेघ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये लहान मुलांसाठी असेच नियम दिले, पण त्यामागचा पुरावा फारसा भक्कम नाही हेही तिनंच नमूद केलं.

पण ‘मोबाईलमुळं बोलत नाही’ म्हणून वाट बघत बसू नये. वर्षाचं लेकरू नावानं हाक मारली तरी वळत नसेल, किंवा दोन वर्षांचं झालं तरी ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या मुलांना तपासणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं. आई-बाप फडावर असले तरी आजी त्याला तिथं नेऊ शकते.