निळ्या झाकणाची सक्ती

डिझेल गाडीतला युरिया संपला की इंजिन पुन्हा चालू होऊ द्यायचं नाही, हा नियम मला बरीच वर्षं सरळसरळ खंडणी वाटत होता. टाकीत डिझेल आहे, बॅटरी ठणठणीत आहे, इंजिनाला काही झालेलं नाही, गाडीचे हप्ते मी भरतोय. आणि निळ्या झाकणाखालचं पाणी संपलं म्हणून गाडी जागेवरून हलणार नाही? हे मी चारचौघांत तावातावानं बोललो आहे. आता बोलत नाही.

त्या झाकणाखाली जे असतं त्याला कागदोपत्री डीईएफ म्हणतात, डब्यावर बहुधा ॲडब्लू लिहिलेलं असतं, आणि गॅरेजमध्ये सगळे नुसतं ‘युरिया’ म्हणतात. त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. ते इंजिनात जातच नाही. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरात त्याचा बारीक फवारा मारला जातो, उष्णतेनं युरियाचा अमोनिया होतो, आणि पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये हा अमोनिया धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांना गाठून त्यांचा साधा नायट्रोजन आणि वाफ करून टाकतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत ही दुसरी टाकी आली.

माझा सगळा राग एका गोष्टीवर उभा होता: युरिया नसला तरी इंजिन तसंच पळतं. ताकद कमी होत नाही, ॲव्हरेज घटत नाही, आवाज बदलत नाही. मग अडवता कशाला? पुढे लक्षात आलं, की नियम नेमका याच कारणासाठी आहे. ऑइल संपलं तर इंजिन बसतं, म्हणून ऑइल आपण न सांगता बघतो. युरिया संपला तर त्रास होतो मागून स्कूटरवर येणाऱ्याला. गाडी चालवणाऱ्याला कळतही नाही, आणि डब्याचे पैसे मात्र त्याच्या खिशातून जातात. असा खर्च मी तरी आपणहून केला नसता. मीच कशाला, 2015 साली फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा काही गाड्यांत तर सॉफ्टवेअरच रस्त्यावर युरिया हात राखून फवारत होतं असं निघालं. टाकी सर्व्हिसिंगपर्यंत पुरावी हा त्यामागचा एक हिशेब होता. बनवणाऱ्यालाच मोह आवरत नाही, तिथे विकत घेणाऱ्याचं काय घेऊन बसलात!

दुसरी गोष्ट उतरत्या आकड्याची. मला वाटायचं, गाडी भर रस्त्यात दगा देणार. तसं होत नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे साधारण 2400 किलोमीटर उरले असतानाच पहिली सूचना यावी लागते, आणि आपल्याकडच्या मोटारीही बहुतेक त्याच वळणानं जातात. मग आकडा उतरत जातो, दिवा पिवळ्याचा लाल होतो, घंटी वाजायला लागते. शून्य झालं तरी चालतं इंजिन बंद पडत नाही. घाटात, ट्रकच्या पुढे, इंजिन मेलं तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील, म्हणून तो पर्यायच ठेवलेला नाही. अडवणूक होते ती तुम्ही स्वतः गाडी बंद करून पुन्हा चालू करायला जाता तेव्हा, म्हणजे गाडी उभी असताना. मोठ्या ट्रकांचं वेगळं: त्यांची आधी ताकद काढून घेतात आणि नंतर वेग.

आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. आम्ही नाशिकहून जालन्याला सासरी निघालो तेव्हा पडद्यावर 700 होते. अंतर अडीचशेच्या आसपास. पोचलो तेव्हा साडेचारशे दिसायला हवे होते, दिसले 350. गाडीत पाच माणसं, टपावर सामान, समृद्धीवर सलग वेग. इंजिनावर भार वाढला की नायट्रोजन ऑक्साइड जास्त, फवारा जास्त. पडद्यावरचा आकडा मागच्या सरासरीवरून काढलेला असतो, आणि माझी मागची सरासरी शहरातली होती.

मेहुणा म्हणाला, “दाजी, डबे कशाला शोधता? वखारीत युरियाची गोणी पडलीय, दोन बादल्या पाण्यात ढवळू.” हे करू नये, आणि का ते नीट सांगतो. शेतीचा युरिया 2015 पासून आपल्याकडे निंबोळी तेलाचं लेपन करूनच येतो. ते तेल, दाण्यातली इतर द्रव्यं आणि बोअरच्या पाण्यातले क्षार मिळून फवाऱ्याचं बारीक तोंड बुजवतात आणि कॅटॅलिस्ट निकामी करतात. शिवाय तो युरिया सरकारी अनुदानाचा; शेतीबाहेर वापरणं गुन्हा आहे.

मग जालन्यातून दहा लिटरचा डबा आणला. डब्यावर आयएसओ 22241 आणि तयार केल्याची तारीख बघायची. सतत 35 अंशांच्या उष्णतेत हे द्रावण सहाएक महिनेच नीट राहतं, त्यामुळे डिकीत उन्हाळाभर डबा ठेवण्यात शहाणपण नाही. गाडी सपाट जागी उभी करून बंद केली. माझ्या गाडीत निळं झाकण डिझेलच्या झाकणाशेजारीच आहे. डब्याबरोबरची नळी लावायची. ऑइल ओतलेलं घरचं नरसाळं बिलकुल नको. काठोकाठ भरायचं नाही. थोडं पत्र्यावर सांडलं ते लगेच पाण्यानं धुतलं, नाहीतर वाळून पांढरे खडे धरतात आणि रंग खराब होतो.

यानंतरची पायरी बहुतेकांची चुकते. ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्टचं बटण दाबायचं, म्हणजे इग्निशन लागतं पण इंजिन चालू होत नाही, आणि थांबायचं. कुठल्या गाडीला अर्धा मिनिट लागतो, कुठल्या गाडीला काही मिनिटं. मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तेवढ्यात टाकीतला सेन्सर नवी पातळी मोजतो. आकडा शून्यावर गेला असेल तर ही वाट पाहणं अत्यावश्यक, कारण पातळी कळल्याशिवाय कुलूप निघत नाही. लिटर-दोन लिटर ओतून भागवू पाहणाऱ्यांची गाडी म्हणूनच अडून बसते. सेन्सरला वाढ दिसावी इतकं तरी भरावं लागतं. आणि चुकून त्या टाकीत डिझेल गेलं, तर बटणाला हातही लावू नका, कारण इग्निशन लागताच पंप ते पुढे ढकलू शकतो. गाडी ओढूनच न्यायची.

एवढं सगळं पटूनही एक तक्रार मी सोडलेली नाही. उलटी मोजणी दोन कारणांनी सुरू होते: युरिया कमी आहे म्हणून, किंवा यंत्रणेत बिघाड आहे म्हणून. सायलेन्सरमधला नायट्रोजन ऑक्साइडचा सेन्सर बिघडला, फवाऱ्याला खडे धरले किंवा द्रावणात पाणी निघालं, तरी तसाच आकडा उतरायला लागतो. फक्त वरच्या ओळीत ‘रिफिल’ऐवजी बिघाडाचा किंवा चुकीच्या द्रावणाचा उल्लेख असतो. ही ओळ न वाचता माणूस डब्यावर डबा ओततो आणि आकडा ढिम्म हलत नाही. तिथे स्कॅनर लावून दोष दुरुस्त केल्याशिवाय सुटका नाही. डबा विसरलेल्या माणसाला आणि सेन्सर मेलेल्या माणसाला एकच शिक्षा, ती मला आजही मान्य नाही. सेन्सरचा सुटा भाग यायलाच काही आठवडे लागतील असं वर्कशॉपनं सांगितलं, तर मधल्या काळात त्या माणसानं करायचं काय, याचं उत्तर नियमात असायला हवं.