मृत्युपत्रातील शेवटचे कलम

व्यापारी घराण्यांतील मृत्युपत्रांत दुकान, घर, सोने आणि ठेवी यांची वाटणी लिहून झाल्यावर शेवटी एक वाक्य पुष्कळदा आढळते. ‘जो कोणी वारस या मृत्युपत्रास न्यायालयात आव्हान देईल, त्यास या मृत्युपत्रान्वये मिळणारी मिळकत मिळणार नाही.’ लिहिणाऱ्याची भावना समजण्याजोगी असते. पेढीचे नाव तीन पिढ्यांनी मिळवलेले असते. भावाभावांचे कागद वकिलांच्या टेबलावर पसरले की बाजारातील पतही ढळते, हे त्याने इतरांच्या घरी पाहिलेले असते. आपल्या मागे तसे होऊ नये म्हणून तो हे कुलूप घालतो. न्यायालयात ते कुलूप कितपत टिकते, याचा विचार मात्र बहुधा होत नाही.

प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये १८४६ साली ‘कुक विरुद्ध टर्नर’ या खटल्यात तो उभा राहिला. वडिलांनी मुलीला मिळकत दिली होती. परंतु तिने मृत्युपत्रावर किंवा त्यांच्या मानसिक सक्षमतेवर वाद उपस्थित केल्यास ते दान रद्द व्हावे, अशी अट घातली होती. अशी अट लोकहिताविरुद्ध आहे, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. मिळकत कायदेशीर वारसाकडे जावी की मृत्युपत्रातील लाभार्थ्याकडे, यात राज्याचे काही हित गुंतलेले नाही. ज्याला दान हवे त्याने दात्याची अट पाळावी, असा त्या निकालाचा आशय होता.

आपल्याकडे जैन व्यक्तीच्या मृत्युपत्राला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. या विशिष्ट अटीचे नाव घेणारे कलम त्यात नाही. मात्र सशर्त दानाविषयीची कलमे आहेत. कलम १३४ अन्वये, एखादी अनिश्चित घटना घडल्यास दान संपुष्टात येईल, अशी अट घालता येते. त्याखालील उदाहरण बोलके आहे. एकाला शेत हयातीपुरते दिले आणि अमुक झाडी तोडल्यास दान संपेल, असे लिहिले. त्याने झाडी तोडली आणि शेतावरील हक्क गमावला. दावा दाखल करणे ही याच जातीची घटना मानता येते. दुसऱ्या बाजूला कलम १२७ आहे: बेकायदेशीर किंवा अनैतिक अटीवर दिलेले दानच निरर्थक ठरते. म्हणजे तत्त्वतः असे कलम लिहिता येते. त्याची धार किती, हे प्रसंगावर अवलंबून राहते.

एक काल्पनिक कुटुंब घेऊ. इचलकरंजीतील एका सूत व्यापाऱ्याची स्वकष्टार्जित मिळकत तीन कोटींची आहे. पत्नी आधीच निवर्तलेली. दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. मृत्युपत्र नसते तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, जो जैनांनाही लागू आहे, प्रत्येकाला एक कोटी मिळाले असते. मृत्युपत्राने थोरल्याला दोन कोटींचे दुकान, धाकट्याला पाऊण कोटीचे घर आणि मुलीला पंचवीस लाख दिले आहेत. शेवटी ते कलम आहे.

मृत्युपत्र वडिलांच्या अखेरच्या आजारपणात झाले. मसुदा थोरल्याच्या ओळखीच्या वकिलाने केला आणि साक्षीदार पेढीवरचे होते. मुलीच्या मनात शंका येते. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘एच. वेंकटाचल अय्यंगार’ खटल्यात सांगितले आहे की, मृत्युपत्र करवून घेण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि ज्याला त्यातून मोठा लाभ झाला, त्याचा तो पुढाकार संशयास्पद परिस्थिती ठरू शकतो. आणि असा संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे मांडणाऱ्यावर असतो. तेव्हा मुलीची शंका पोकळ नाही.

आता कलमाचा हिशेब मांडू. मुलगी जिंकली आणि वडिलांवर दडपण होते किंवा ते भानावर नव्हते हे ठरले, तर संपूर्ण मृत्युपत्रच पडते आणि त्यासोबत शेवटचे कलमही पडते. तिला एक कोटी मिळते. ती हरली, तर पंचवीस लाखही जातात. म्हणजे हे कलम खऱ्या फसवणुकीला संरक्षण देऊ शकत नाही. ते केवळ हरणाऱ्यालाच चावते. वडिलांनी मुलीला एक लाखच दिले असते, तर गमावण्यासारखे काहीच नसल्याने हे कलम तिला थांबवू शकले नसते. ज्याला काहीच दिलेले नाही, त्याच्यावर या कलमाचा काहीही परिणाम होत नाही. कलम उपयोगी पडावे असे वाटत असेल, तर ज्याच्या नाराजीची भीती आहे त्यालाच सोडवत नाही इतके द्यावे लागते.

‘आव्हान’ या शब्दाची व्याप्ती ही दुसरी अडचण. हक्क गमावण्यास कारण होणारी अट न्यायालय नेहमी काटेकोर वाचते. व्यवस्थापकाकडे हिशेब मागणे किंवा संदिग्ध वाक्याचा अर्थ न्यायालयाकडून समजून घेणे म्हणजे मृत्युपत्र नाकारणे नव्हे. तसेच दुकान जर एकत्र कुटुंबाचे असेल, तर वडिलांना केवळ स्वतःच्या हिश्श्याचेच मृत्युपत्र करता येते. मुलीचा त्यातील वाटा ही त्यांनी दिलेली देणगी नसून तिची मालकी आहे, आणि तो वाटा या कलमाने हिरावता येत नाही. मात्र तिने वाटणीचा दावा लावल्यास मृत्युपत्रातील देणगी जाईल का, हे शब्दरचनेवर अवलंबून राहील. कलम अस्पष्ट असेल तर नवा खटला त्याच्याच अर्थावर उभा राहतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या घराण्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. तेथे राज्यागणिक उत्तर बदलते. फ्लोरिडात असे कलम अंमलात येतच नाही. कॅलिफोर्नियात मृत्युपत्राच्या वैधतेवरील हल्ल्यास ते सबळ कारण नसेल तरच लागू होते. न्यूयॉर्कमध्ये ते बऱ्याच अंशी कठोर आहे. तरीही बनावटपणाचा सबळ संशय असेल, तर वारस सुरक्षित राहतो.

ज्याला हे कलम घालायचेच आहे, त्याने निदान तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. कोणते कृत्य आव्हान समजावे आणि कोणते समजू नये. प्रामाणिक शंकेने केलेल्या दाव्याला सूट आहे का. आणि हक्क गेल्यास ती रक्कम कोणाला मिळेल. शेवटचा मुद्दा दुर्लक्षिला जातो. जंगम मिळकतीचा पुढचा मालक नेमलेला नसेल, तर जुन्या इंग्लिश न्यायपरंपरेत अशी अट केवळ धाक म्हणून सोडून दिली जाई. ती रक्कम तक्रार ओढवून घेणाऱ्या थोरल्याच्याच वाट्याला न जाता धर्मादाय कार्याकडे गेली, तर तिच्याकडे कोणी लोभाने पाहणार नाही.

मात्र कलमापेक्षा खटला टाळण्यास जास्त उपयोगी पडतो तो मृत्युपत्र करतानाचा व्यवहार. प्रकृती चांगली असताना ते करावे. डॉक्टरांचा दाखला घ्यावा. लाभार्थी त्या खोलीत नसावा आणि साक्षीदार त्रयस्थ असावेत. मुलीला कमी का दिले, हे वडिलांनी स्वतः तिला सांगितले किंवा मृत्युपत्रात एका वाक्यात लिहिले, तर न्यायालयाला शंकेचे कारण कमी उरते. मुलीलाही पंचवीस लाखांचा अर्थ वडिलांच्या तोंडून कळतो. नाहीतर ती तो अर्थ भावाच्या वागणुकीत शोधत राहते, आणि पर्युषणात क्षमा मागायला दाराशी आलेल्या भावाकडे पाहतानाही तिचे मन त्याच आकड्यात अडकलेले असते.