पहिलाच मेसेज शिवीचा

सोलापूर

चि. मधुरास,


लातूरला पाण्याच्या तक्रारींच्या व्हॉट्सअॅपवर बसायला लागलीस आणि लगेच तुला नमस्कार नाही, नाव नाही, नुसती आईवरून शिवी आली. ‘मावशी, अशाला काय लिहायचं?’ असं तू विचारलंस. ‘ब्लॉक करू का?’ असं विचारलं नाहीस, याचं मला फार बरं वाटलं.

माझ्या नोकरीत अशा मेसेजची वेळ जवळजवळ ठरलेली असायची. सोलापूरला उजनीचं पाणी शंभर किलोमीटरच्याही पुढून येतं आणि शहरात ते कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड सुटत आलं आहे. पाळीच्या दिवशी घरातलं कुणीतरी कामावर उशिरा जातं किंवा पहाटे उठून नळापाशी बसतं. ती पाळी हुकली की पुढचे दिवस टँकरवर नाहीतर शेजाऱ्याच्या टाकीवर काढायचे. म्हणून शिवी वाचली की मी आधी मेसेजची वेळ बघायची, मग त्या दिवशी कुठल्या भागाची पाळी होती ते. पाळी संपता संपता आलेली शिवी बहुतेक वेळा तक्रारच असते, फक्त तक्रारीचं वाक्य लिहायचं राहून गेलेलं असतं.

उत्तर दोन ओळींचं पुरे. मी लिहायची: ‘नमस्कार. पाण्याबद्दल असेल तर भाग आणि गल्ली कळवा, लगेच बघते.’ शिवीचा उल्लेख नाही. ‘भाषा नीट वापरा’ लिहिलंस की पुढचा अर्धा तास भाषेवर जातो आणि पाणी बाजूला राहतं. ‘तुम्ही रागावलेले दिसता’ हेही नको, कारण रागावलेल्या माणसाला त्याचा राग आपण दाखवून दिलेला आवडत नाही. आणि काय झालंय हे कळायच्या आत ‘दिलगीर आहोत’ म्हणू नकोस. ते छापील वाटतं, त्यानं माणूस जास्त चिडतो. प्रश्न एकच विचार, आणि ज्याचं उत्तर एका शब्दात देता येईल असा विचार.

एकदा पूर्व भागातून, अशोक चौकाच्या बाजूनं, सकाळी असाच मेसेज आला. मी वरच्या दोन ओळी पाठवल्या. त्यावर गल्लीचं नाव आलं आणि मागोमाग ‘आज पण नाही’. मी विचारलं, ‘शेजारी आलं का?’ हा प्रश्न लक्षात ठेव, त्यावरच पुढचं सगळं ठरतं. शेजारीही नसेल तर वॉल्व्ह उघडला नसेल किंवा वाहिनी फुटली असेल, तेव्हा चावीवाल्याला फोन. शेजारी आलं आणि ह्याच्याकडेच नसेल, तर त्याच्या नळजोडणीत माती अडकलेली असू शकते, किंवा त्याच्या अलीकडच्या घरांनी थेट नळाला मोटर लावून पाणी ओढलेलं असतं. त्याच्या शेजारी आलं होतं आणि तो स्वतः गल्लीच्या टोकाला होता. जोडणी तपासायला माणूस कधी येईल ते मी कळवलं. त्याचं उत्तर फक्त ‘बरं’. माफी त्यानं मागितली नाही. मलाही ती नको होती, आणि तूही कुणाकडून तिची वाट बघू नकोस.

आमच्याकडे मेसेज तेलुगूत यायचे, कन्नडमध्ये यायचे, दखनीतही यायचे. न कळणारा शब्द शिवीच असेल असं धरून चालू नकोस, शेजारच्या टेबलावर विचार. शिवाय सोलापुरात दोस्ताला हाक मारायचीच ती शिवी घालून. मित्राला पाठवायचं ते चुकून आपल्याकडे आलेलं असू शकतं. त्यालाही त्याच दोन ओळी जातात, आणि तो गप्प बसतो.

उत्तरानंतरही नुसती शिवीच आली, तर एकदाच लिही: ‘भाग कळवलात की तक्रार नोंदवते.’ मग थांब. तिसरं उत्तर देऊ नकोस, पण नंबरही बंद करू नकोस. संध्याकाळी तोच माणूस गल्लीचं नाव पाठवू शकतो.

धमकी असेल, किंवा बाई म्हणून तुझ्याबद्दल घाण लिहिलेलं असेल, तर मात्र हे काहीच लागू नाही. तिथे उत्तरच द्यायचं नाही. मेसेज न पुसता स्क्रीनशॉट काढायचा, साहेबांना लेखी कळवायचं. बाईचा अपमान करण्यासाठी वापरलेल्या शब्दांना भारतीय न्याय संहितेचं 79 वं कलम आहे, ते सांगायला कचरू नकोस.

साध्या शिवीचा स्क्रीनशॉट मात्र ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नकोस, आणि नोंदीच्या शेऱ्यात ‘शिवीगाळ केली’ असंही लिहू नकोस. दुपारच्या शिफ्टचा माणूस तो शेरा आधी वाचतो आणि त्या घरची तक्रार खाली सरकते. शेऱ्यात गल्ली, वेळ आणि शेजारी पाणी होतं की नाही, एवढंच असू दे.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी