‘हेल्पर’ला दुसरं नाव

पीण्यातल्या एका छोट्या मशीन शॉपच्या मालकांनी मला जाहिरात लिहायला दिली, तेव्हा कागदावर एकच ओळ होती: ‘स्टोअर्ससाठी हेल्पर पाहिजे.’ खाली पेनाने पुस्ती जोडली होती, ‘हेल्पर शब्द नको, जरा बरं नाव सुचवा.’ बेंगळुरूत नोकरीच्या जाहिराती लिहायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. बऱ्या नावाची मागणी आली की मी नावाकडे बघतच नाही. माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करणार, ते विचारतो, आणि उत्तरातली फक्त क्रियापदं लिहून घेतो.

मालक सांगत गेले. सकाळी माल उतरतो, तो चलनाशी ताडायचा. नग मोजायचे. कमी भरले किंवा डाग लागलेले निघाले तर बाजूला ठेवून पुरवठादाराला फोन करायचा. आवक नोंदवायची. मशीनवाल्याने चिठ्ठी दिली की माल पोचवायचा. तासांचा अंदाज काढला. आठांपैकी तीन मोजण्या-ताडण्यात, दोन नोंदींत, दोन माल हलवण्यात आणि जेमतेम एक फोनवर.

“मग ‘को-ऑर्डिनेटर’ लिहा की,” मालक म्हणाले. मी थांबलो. को-ऑर्डिनेटर, म्हणजे समन्वयक, हा मुळात स्वतः काम उरकणारा नव्हे. दोन-तीन जणांच्या वेळा आणि कामं जुळवणारा. त्याचा दिवस फोन, तारखा आणि आठवण करून देण्यात जातो. इथे ते तासाभराचं काम. या नावाने बोलावलेला उमेदवार टेबल-खुर्चीच्या अपेक्षेने येईल आणि खोकी बघून आठवड्यात जाईल. थोडं खोदल्यावर दुसरं कारणही निघालं: को-ऑर्डिनेटर म्हटलं की ओव्हरटाइम द्यावा लागत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तसं नसतं. वाद कोर्टात गेला तर पाटीवरचं नाव नव्हे, प्रत्यक्षातलं मुख्य काम पाहिलं जातं. खोकी मोजणारा माणूस कागदावर कुणीही असो, कारखान्यातल्या जादा तासांचा दुप्पट दर त्याचा राहतोच.

‘असोसिएट’ या शब्दाला तर मी घाबरूनच असतो. विद्यापीठात सहायक प्राध्यापकाच्या वरची पायरी सहयोगी, म्हणजे असोसिएट. याच शहरातल्या आयटी कंपन्यांत मात्र नावामागे असोसिएट लागला की तो बहुधा नुकताच चिकटलेला पोरगा. वकिलांच्या फर्ममध्ये तोच शब्द सनद असलेल्या वकिलाला. ऐकणारा जिथून आला असेल, तिथला अर्थ घेऊन येतो. एकदा मी कागद पोचवण्याच्या आणि फायली लावण्याच्या जागेला हौसेने ‘ऑफिस असोसिएट’ म्हटलं. अर्ज आले ते इंजिनिअरांचे. त्यातला एक रुजूही झाला आणि दुसऱ्या आठवड्यात यायचा बंद झाला. चूक त्याची नव्हती. तेव्हापासून, ठरलेल्या हद्दीत स्वतः निर्णय घेऊन त्याचा जाब देणारा माणूस हवा असेल, तरच मी हा शब्द काढतो.

उरला असिस्टंट. हेल्पर आणि असिस्टंट यांत फरक कसा करायचा? मी एक प्रश्न विचारतो: तो आज आला नाही, तर काय अडेल? हेल्पर नसला तर दुसऱ्याचं काम मंदावतं. असिस्टंट नसला तर एक ठरावीक काम पडून राहतं. इथे आवक माल मोजला जाणार नव्हता, नोंद होणार नव्हती. काम त्याच्या नावाचं होतं. पण डागी माल परत पाठवायचा की सवलतीत ठेवायचा, हे ठरवायचे स्टोअरकीपर. म्हणून नाव ठरलं: ‘स्टोअर्स असिस्टंट (आवक माल)’. माल उचलावा लागेल, हेही मी पहिल्या चार ओळींतच लिहिलं. नाव वर चढवून ओझं तळटीपेत लपवलं की फसवणूक होते.

आणखी एक ओळ घातली: ‘हेल्पर म्हणून स्टोअर्समध्ये काम केलेल्यांनी जरूर अर्ज करावा.’ या कामात मुरलेली माणसं मोबाइलवर ‘हेल्पर’ हाच शब्द टाकून नोकरी शोधतात. तो शब्द जाहिरातीतून पार पुसला, तर ज्यांच्यासाठी नाव बदललं त्यांनाच ती दिसत नाही.

जाहिरात लागली. पहिलाच फोन आला तो सहा वर्षं हेल्परकी केलेल्या माणसाचा. पगार, वेळ, बस सगळं विचारून झाल्यावर तो म्हणाला, “यारिगे असिस्टंट, सर?” कुणाचा असिस्टंट? मी गडबडलो. चार शब्दांत निवड करताना ज्याच्या हाताखाली काम करायचं, तो माणूसच जाहिरातीत नव्हता. फोन ठेवून मी नावाखाली लिहिलं: ‘स्टोअरकीपरच्या हाताखाली.’ आता सहायक लिहिला की पुढची ओळ मी आधी भरतो.