तुळशीचं लग्न

आज कार्तिकी द्वादशी. अंगणात तुळशीचं लग्न लागलं. वृंदावनाला ऊस बांधला, चिंचा-आवळे ठेवले आणि अंतरपाट धरायला नेहमीप्रमाणे मला बोलावलं. अक्षता पडताच आत्या म्हणालीच, "तुळशीचंही दरवर्षी लागतं गं, तुझं कधी?" सगळे हसले. मीही हसले.

रात्री आईने बायोडेटा पुढे केला. जन्मतारीख तीच, फोटो 6 वर्षांपूर्वीचा. 'अपेक्षा' या रकान्यात आधी 'पुण्यात स्थायिक, उच्चशिक्षित, निर्व्यसनी' होतं. आता नुसतं 'अनुरूप'. मी 34 ची झाले, तसा रकाना आक्रसत गेला.

एकटं वाटतं का? वाटतं. गेल्या महिन्यात पुण्यातल्या खोलीवर 2 दिवस तापाने पडून होते. पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. तरी घरी कळवलं नाही. कळवलं असतं, तर ताप बाजूला राहून स्थळाचाच विषय निघाला असता. एकटेपणा आहे हे ज्यांना सांगावं, त्यांच्यापासूनच तो लपवावा लागतो. खरं दुखतं ते हे.

आत्या, लग्नाचं विचारूच नकोस असं नाही. पण त्याआधी एकदा फोन करून "जेवलीस का?" एवढं विचार.